सॉफ्टनरचं रिजनरेशन: मीठ किती, यापेक्षा ते किती सावकाश जातं ते बघा

जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी पुन्हा जड येऊ लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'मीठ वाढवा.' या सल्ल्याने बहुतेक वेळा फक्त मीठ संपतं. सॉफ्टनरमधलं रेझीन मिठाच्या पाण्याने पुन्हा कामाला लावणं म्हणजे रिजनरेशन. त्यात रेझीन आणि मीठ यांच्यात नेमकं काय चालतं हे कळलं की खरा घोळ कुठे होतो तेही कळतं.

रेझीन म्हणजे पॉलिस्टायरीनचे बारीक मणी, बहुतेक अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आसपासचे. या मण्यांच्या आतबाहेर सर्वत्र ऋण प्रभार असलेले सल्फोनेट गट पक्के बांधलेले असतात आणि त्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यावर बसतात. त्यांच्यावर दुहेरी धन प्रभार असल्याने रेझीन त्यांना जास्त घट्ट धरतं. बसणाऱ्या प्रत्येकामागे दोन सोडियम सुटून पाण्यात जातात. इथे काहीही गाळलं जात नाही, फक्त अदलाबदल होते. म्हणून सॉफ्टनर चालतोय का हे टीडीएस मीटरने तपासू नका. विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात, आकडा हलला तर किंचित वरच जातो. तपासायचं हार्डनेस किटने. थेंब टाकल्यावर लाल रंग आला तर जडपणा शिल्लक आहे, थेट निळा आला तर पाणी मऊ आहे.

काही हजार लिटरनंतर मण्यांवरच्या जागा कॅल्शियमने भरून जातात. मग प्रश्न पडतो, की रेझीनला कॅल्शियमच जास्त आवडतं, तर साधं मीठ त्याला हटवतं कसं? उत्तर गर्दीत आहे. ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर जडपणाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जेवढा प्रभार असतो, त्याच्या सव्वादोनशे पटींहून थोडा जास्त सोडियमचा प्रभार १० टक्के मिठाच्या पाण्यात असतो. द्रावण इतकं तीव्र झालं की रेझीनची कॅल्शियमची आवड खूप कमी होते आणि संख्येच्या जोरावर सोडियम जागा परत घेतं. सुटलेलं कॅल्शियम ड्रेनमधून बाहेर जातं. मीठ मण्यांना 'धूत' नाही. ते अदलाबदल उलटी फिरवतं, आणि त्यासाठी तीव्रता व वेळ दोन्ही लागतात.

आता हिशोब. समजा टाकीत २५ लिटर रेझीन आहे आणि पाण्याचा जडपणा वरचाच, ४००. एका लिटर रेझीनला १०० ग्रॅम मीठ दिलं तर ते साधारण ४५ ग्रॅम जडपणा पकडतं. म्हणजे अडीच किलो मिठात ११२५ ग्रॅम, म्हणजे सुमारे २८०० लिटर पाणी. थोडी शिल्लक ठेवून २५०० लिटरला रिजनरेशन करावं. मीठ जवळपास अडीचपट, म्हणजे लिटरला २४० ग्रॅम केलं तर काम अडीचपट होत नाही. क्षमता ७० ग्रॅमच्या आसपास जाऊन थांबते. म्हणून मी कमी मीठ आणि जरा लवकर रिजनरेशन याच बाजूचा आहे.

पहिली पायरी बॅकवॉश: पाणी खालून वर सोडा, ड्रेनचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण १० मिनिटं. मणी बाहेर येत असतील तर प्रवाह कमी करा.

दुसरी पायरी मिठाचं पाणी ओढणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात.

मिठाच्या टाकीतलं द्रावण संपृक्त असतं, सुमारे २६ टक्के. अडीच किलो मीठ त्यात जेमतेम ८ लिटर द्रावणात मावतं. 'जेवढं घट्ट तेवढं चांगलं' म्हणून हे तसंच रेझीनमध्ये सोडायला सांगणारे भेटतात. पण २५ लिटर रेझीनच्या मण्यांमधली पोकळीच १० लिटरच्या आसपास असते. म्हणजे ८ लिटरमध्ये ती एकदाही पूर्ण भरत नाही, मिठाचा पट्टा झटकन खाली सरकून निघून जातो. शिवाय इतक्या घट्ट द्रावणात मणी अचानक आकसतात, पुढे साध्या पाण्यात पुन्हा फुगतात, आणि असं वारंवार झालं की तडकतात. व्हॉल्व्हमधला इंजेक्टर हे द्रावण साध्या पाण्यात मिसळून १० टक्क्यांवर आणतो. मग त्याचे २३ लिटर होतात आणि ते मिनिटाला पाऊण ते एक लिटर या वेगाने, जवळपास अर्धा तास मण्यांतून उतरतात. एवढा वेळ हवाच, कारण सोडियमला मण्याच्या पृष्ठभागावरून आत शिरायचं असतं आणि कॅल्शियमला आतून बाहेर यायचं असतं. पाच-दहा मिनिटांत उरकलेलं मीठ बरंचसं ड्रेनला जातं.

उलट द्रावण दोन-तीन टक्क्यांइतकं पातळ झालं तर कॅल्शियमची पकड नीट सुटतच नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे मिठाच्या टाकीत पाणी भरलं आणि लगेच रिजनरेशन लावलं. मीठ विरघळायला दोन-तीन तास द्या, आणि पाण्याच्या वर कोरडं मीठ दिसेल इतकं मीठ कायम ठेवा. वर मिठाचा कडक थर आणि खाली पोकळी असंही होतं: टाकी भरलेली दिसते, पण पाण्याला मीठ भेटतच नाही. काठीने हळूच टोचून बघा. बारीक मिठात हे जास्त होतं. स्वच्छ जाडं मीठ किंवा सॉफ्टनरच्या गोळ्या घ्या.

सुरू करण्याआधी मिठाच्या टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. दहा मिनिटांनी पातळी उतरलीच नसेल तर इंजेक्टर गाळाने तुंबलाय, नळी हवा ओढतेय किंवा पाण्याचा दाब कमी आहे. पातळी वाढत असेल तर आधी ड्रेनची नळी बघा, ती दबलेली किंवा तुंबलेली असते. हे न बघता मिठाची दुसरी गोणी आणण्यात काहीच अर्थ नाही.

मीठ ओढून झालं की तेवढ्याच मंद प्रवाहाने अर्धा तास साधं पाणी जाऊ द्या. पोकळीत अडकलेलं मीठ खाली ढकललं जाताना तेही काम करत असतं. ही पायरी गाळणारे अडीच किलोतलं बरंच मीठ फुकट घालवतात.

मग जोराने धुऊन घ्या, खारट चव जाईपर्यंत. मिठाच्या टाकीत पुढच्या वेळेसाठी ७ लिटर पाणी भरा.

शेवटी किट लावा. रिजनरेशननंतर लगेच पाणी जड आलं तर मिठाची पायरी फसली. सुरुवातीला मऊ येऊन २५०० लिटरच्या खूप आधीच जड झालं, तर येणाऱ्या पाण्याचा जडपणा वाढलाय किंवा मण्यांवर लोह चढलंय. जडपणा ६०० झाला की तेच रेझीन जेमतेम १८७५ लिटर पुरतं, तेव्हा किती लिटरला रिजनरेशन करायचं तो मीटरवरचा आकडा त्याहून थोडा खाली आणा. लोह असेल तर मणी गंजासारखे तपकिरी दिसतात. ते मिठाने निघत नाही, त्यासाठी रेझीन क्लीनर लागतो आणि सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर. सॉफ्टनरमधून आलेल्या मऊ पाण्यात लिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅम सोडियमची भर पडलेली असते (४०० जडपणाला), म्हणून पिण्याचा आणि झाडांचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढा.