वाय-फाय दिसतं पण नेट नाही? राउटरच्या मागची केबल आधी बघा

दिवाळीआधी घराला रंग दिला आणि दुसऱ्याच दिवशी अमळनेरहून मावशीचा फोन आला. "भाऊ, वायफाय दिखस, पन नेट चालत नही." रंगाऱ्यानं भिंतीवरचा राउटर उतरवताना सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि मावसभावानं त्या आठवतील तशा परत लावल्या होत्या. त्यातही टीव्हीवर नेट चालू होतं, दोन्ही मोबाइलवर मात्र बंद. लाइनच खराब आहे असं ठरवून घरचे तक्रार नोंदवायला निघाले होते.

लाइन ठीक होती. बाहेरची फायबर ज्या डब्यात येते त्या मोडेमकडून आलेली केबल राउटरच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टात गेली होती.

ही चूक इतक्या जणांकडून होते, कारण मोडेमवर केबल ज्या भोकात बसते तिथे ‘लॅन’च लिहिलेलं असतं. मग माणूस दुसरं टोकही राउटरच्या ‘लॅन’मध्ये खुपसतो. खरी जोडणी मोडेमचा लॅन ते राउटरचा वॅन अशी आहे. वॅन हे राउटरचं बाहेरचं दार, लॅनची भोकं घरातल्या उपकरणांसाठी. वॅन पोर्ट सहसा वेगळ्या रंगाचा किंवा थोडा बाजूला असतो आणि त्यावर इंग्रजीत ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ छापलेलं असतं. रंगावर भरवसा ठेवू नका, अक्षरं वाचा. राउटर भिंतीला असेल तर मोबाइलनं मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून बघा.

आधी मोडेमचे दिवे बघा. ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर बिघाड फायबरमध्ये आहे, राउटरची केबल बदलून उपयोग नाही, तक्रारच करा. तो दिवा बंद आणि ‘पॉन’चा दिवा स्थिर असेल तर पुढे जा. मोडेममध्ये येणारी बारीक फायबरची वायर मात्र काढू नका, वाकवूही नका.

आता मोबाइलवर वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा आणि ‘गेटवे’पुढचा आकडा वाचा. मावशीकडे मोबाइलवर 192.168.0.1 होतं, म्हणजे राउटरचा पत्ता, टीव्हीवर 192.168.1.1, म्हणजे मोडेमचा. केबल लॅनमध्ये गेल्यामुळे घरात पत्ते वाटणारे दोघे झाले होते. ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता त्या उपकरणानं घेतला. टीव्हीला मोडेम मिळाला, म्हणून नेट थेट पोचलं. मोबाइलला राउटर मिळाला, आणि त्याचं बाहेरचं दार तर रिकामंच होतं.

सगळ्या घरांत असं अर्धवट चालत नाही. नेटचं लॉगिन राउटरमध्येच भरलेलं असेल तर एकाही उपकरणावर नेट येत नाही. दोघांचे पत्ते सारखे असतील तर गेटवे बघूनही उलगडा होत नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वॅनची स्थिती बघा. तिथे 0.0.0.0 किंवा केबल नसल्याचा संदेश दिसला की संशय पक्का.

दुरुस्ती सोपी आहे. मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करा. मोडेमकडून येणारी केबल हातानं चाचपत राउटरपर्यंत या, म्हणजे टीव्हीची किंवा कॅमेऱ्याची केबल चुकून हाती लागणार नाही. खटका दाबून ती लॅनमधून काढा आणि वॅनमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. आवाज आला नाही तर ती नीट बसलेली नाही. आधी मोडेम चालू करा, दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, मग राउटर चालू करा. शेवटी प्रत्येक उपकरणावर वाय-फाय एकदा बंद-चालू करा. हे टीव्हीवरही करा, कारण त्यानं मोडेमचा जुना पत्ता धरून ठेवला तर इतका वेळ चालणारा टीव्हीच आता बंद पडेल.

या सगळ्यात राउटरचं रीसेटचं बारीक बटण टाचणीनं दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यानं वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि असलं तर नेटचं लॉगिनही पुसलं जातं. केबल चुकीच्याच भोकात राहते आणि वर लॉगिन मागायला केबलवाल्याकडे जावं लागतं.

एक अपवाद आहे. काही घरांत दुसरा राउटर फक्त वाय-फाय लांब पोचवायला बसवलेला असतो. त्याचं पत्ते वाटणं बंद करून केबल मुद्दाम लॅनमध्ये लावतात. तुमच्याकडे उतरवण्याआधी नेट तसंच चालत असेल, तर केबल लॅनमध्येच राहू द्या आणि बिघाड दुसरीकडे शोधा.