हाताच्या फोटोवर टॅटूचं डिझाइन खरं वाटेल असं कसं बसवावं

सपाट डिझाइन फोटोवर ठेवून ब्लेंड मोड बदलला की पाच मिनिटांत प्रिव्ह्यू तयार होतो. तो खोटा आहे हेही बघणाऱ्याला तितक्याच पटकन कळतं, कारण डिझाइन हाताच्या कडेपर्यंत एकाच रुंदीचं राहिलेलं असतं. गोल वस्तूवरचं चित्र मध्यभागी मूळ मापाचं दिसतं आणि कडेकडे दाटत जातं. हे दाटणं किती असावं, ते अंदाजाने ठरवायची गरज नाही. ते मोजता येतं. इथे कोपर ते मनगट या भागावरचं ९ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर लांब डिझाइन धरू आणि काम फोटोशॉपमध्ये करू.

फोटो दोन काढा

फोन किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर, हातापासून साधारण दीड मीटरवर ठेवा आणि फोनची २x लेन्स वापरा. जवळून वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडचा भाग फुगतो आणि पुढची सगळी मापं चुकतात. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीचा मऊ उजेड एका बाजूने आला, तर हाताची गोलाई सावलीतून दिसते. सेल्फी कॅमेरा टाळा. तो बऱ्याचदा फोटो उलटा साठवतो आणि त्यामुळे डावा हात उजवा होतो.

पहिला फोटो मोकळ्या हाताचा. दुसरा फोटो त्याच स्थितीत, पण डिझाइनच्या वरच्या आणि खालच्या टोकाला शिंप्याची टेप गुंडाळून काढायचा. टेपवरच्या खुणा कडेकडे कशा जवळ येतात आणि टेपची कड किती वाकडी दिसते, या दोन्ही गोष्टी या फोटोत टिपल्या जातात. दोन्ही ठिकाणचा घेर लिहून ठेवा.

हात ग्राहकाच्या सवयीच्या स्थितीत असू द्या. पंजा फिरवला की मनगटाजवळची कातडी कोपराजवळच्या कातडीपेक्षा जास्त फिरते. त्यामुळे तळहात वर असताना सरळ दिसणारी रेघ तळहात खाली केला की पिळवटते. एका फोटोतला प्रिव्ह्यू हे दाखवू शकत नाही, म्हणून ग्राहकाला तसं आधीच सांगून ठेवावं.

आधी जाळी, मग डिझाइन

वरच्या टोकाला घेर २७ सेंटिमीटर आहे असं समजा. ९ सेंटिमीटरचं डिझाइन घेराचा तिसरा भाग, म्हणजे १२० अंश व्यापतं. मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला ६० अंश येतात. हाताची त्रिज्या सुमारे ४.३ सेंटिमीटर असल्यामुळे ४.५ सेंटिमीटरवरची कड फोटोत ४.३ × साइन ६०°, म्हणजे सुमारे ३.७ सेंटिमीटरवर दिसते. निम्म्या वाटेवरचा, २.२५ सेंटिमीटरवरचा बिंदू मात्र २.१५ वर दिसतो. आतला अर्धा भाग जवळपास तसाच राहतो आणि बहुतेक आकसणं बाहेरच्या अर्ध्यात होतं. म्हणूनच डिझाइन नुसतं बाजूंनी दाबून अरुंद केलं तर ते पटत नाही.

फोटोत मधल्या रेषेवर टेपचा १ सेंटिमीटर १२० पिक्सेल भरला, तर डिझाइनची सपाट रुंदी १०८० पिक्सेल होते. १०८० बाय १६८० पिक्सेलची, १ सेंटिमीटर चौकटींची जाळी करा. लेअरवर Convert to Smart Object करा, म्हणजे वार्प पुन्हा उघडून सुधारता येतो. मग Edit > Transform > Warp घ्या आणि वरच्या पट्टीतल्या Split बटणाने रुंदीच्या २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर उभ्या रेषा टाका. वरच्या टोकाला मधल्या रेषेपासून आतल्या रेषा सुमारे २५८ पिक्सेलवर आणि कडा सुमारे ४४६ पिक्सेलवर आणा.

खालच्या टोकाला घेर २१ सेंटिमीटर असेल, तर तेच ९ सेंटिमीटर तिथे सुमारे १५४ अंश व्यापतात आणि कडा हाताच्या बाह्यरेषेला भिडल्यासारख्या दिसतात. पण मनगट गोल नसून चपटं असतं. तिथे गणितावर विसंबू नका, टेपच्या खुणाच प्रमाण माना. टेपचा फोटो अर्धपारदर्शक करून वर ठेवा आणि जाळीच्या रेघा खुणांवर बसवा. आडव्या रेघा टेपच्या कडेइतक्याच वाकवा. कॅमेऱ्याच्या समोरचा वेढा सरळ दिसतो आणि वरखाली जावं तसा वाकतो, म्हणून दोन्ही टोकांना एकच बाक दिला की घोळ होतो.

जाळी हातावर गुंडाळल्यासारखी वाटली की Replace Contents करून त्याच मापाच्या फाइलमधलं डिझाइन आत टाका.

Displace फिल्टरकडे बरेच जण गोलाईसाठी धावतात, पण ते काम त्याचं नाही. तो उजेड-अंधारालाच उंच-सखल समजतो, त्यामुळे सावलीत रेघा सरकवतो आणि केसांवरून तोडतो. कोपराच्या सुरकुत्यांसाठी, त्याला नकाशा म्हणून दिलेली फोटोची प्रत आधी ब्लर करून, Scale मध्ये ३ ते ५ एवढाच आकडा द्या. सपाट कातडीवर तो नसला तरी चालतं.

शाई कातडीच्या आत असते

टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थराखाली असते, म्हणजे रंग आपल्याला त्या थराच्या गाळणीतून दिसतो. Multiply मोड हे बऱ्यापैकी जमवतो, कारण त्यात शाईचा आणि त्वचेचा रंग एकमेकांशी गुणला जातो. मात्र शुद्ध काळा गुणूनही शुद्ध काळाच राहतो आणि स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो. Levels मध्ये Output चं काळं टोक ० वरून ४० वर आणा आणि लेअरची Opacity ८८ टक्के ठेवा. बऱ्या झालेल्या टॅटूचा काळा इतपतच गडद वाटतो.

रंगीत डिझाइनमध्ये फरक मोठा पडतो. पिवळा (२५०, २०५, ६०) गव्हाळ-तपकिरी त्वचेवर (१४०, ९२, ६६) गुणला, तर (१३७, ७४, १६) येतो, म्हणजे पिवळा उरतच नाही. पांढरा तर पूर्ण गायब होतो. अशा वेळी मोड Normal करून रंग उजळवण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण बऱ्या झालेल्या टॅटूतही त्या त्वचेवर पिवळा मंदच दिसणार आहे. त्यापेक्षा डिझाइनमधला रंग बदलावा.

त्वचेवरची चकाकी शाईच्या वर असते, पण Multiply मध्ये ती काळ्याखाली दडते. लेअरवर डबल क्लिक करून Blend If मधल्या Underlying Layer चा पांढरा बाण Alt दाबून फोडा. एक अर्धा १९० वर आणा, दुसरा २५५ वर राहू द्या. गोऱ्या त्वचेवर अख्खा हातच १९० च्या वर असतो आणि टॅटू विरल्यासारखा होतो. तसं दिसलं तर पहिला अर्धा २२५ पर्यंत न्या.

शेवटी Gaussian Blur ०.७ पिक्सेलच्या आसपास आणि फोटोतल्या दाण्याशी जुळेल इतका, १ ते २ टक्के नॉइज द्या. १०० टक्क्यांवर पाहा. तीळ किंवा केसापेक्षा टॅटूची रेघ धारदार दिसत असेल तर ब्लर थोडा वाढवा.

स्टेन्सिल मात्र मूळ सपाट फाइलवरूनच, पूर्ण ९ सेंटिमीटर रुंदीचं छापायचं. प्रिव्ह्यूतलं डिझाइन जेमतेम साडेसात सेंटिमीटर भरतं. तेच छापून हातावर लावलं तर गोलाईमुळे ते दुसऱ्यांदा आकसतं आणि कडेची अक्षरं चिमटतात.