सातचा ठेका तोंडाने मोजताना: दोन, दोन, तीन

बल्गेरियातलं रचेनित्सा हे लोकनृत्य 7/8 मध्ये चालतं. प्रत्येक आवर्तनात सात सारख्या मात्रा, त्यांचे गट दोन, दोन आणि तीन. म्हणजे पायाला जाणवतात ते तीनच ठोके: छोटा, छोटा, लांब. हा लांब ठोका नेमका किती लांब, यातच सगळी मेख आहे.

सात मात्रा एक ते सात अशा मोजू नका. एकतर गट कुठे सुटला ते कळत नाही, आणि ‘सहा’चे उच्चारात दोन तुकडे पडत असल्याने जीभ तिथे अडखळते. त्याऐवजी म्हणा:

एक दोन, एक दोन, एक दोन तीन

मेट्रोनोम मिनिटाला 120 टिकांवर ठेवा, प्रत्येक टिकेला एक शब्द. टाळी फक्त ‘एक’वर. पहिल्या दोन टाळ्यांनंतर एकेक सेकंद जाईल, तिसरीनंतर दीड सेकंद. ‘तीन’ म्हणून झालं की न थांबता लगेच पुढचा ‘एक’. वेग वाढला की आकडे सोडून ‘तक तक तकिट’ म्हणा. तोंडाला ते सोपं जातं.

चुका बहुधा दोनच होतात. ‘तीन’नंतर नकळत श्वास घेतला जातो, मग सातच्या आठ मात्रा होतात. किंवा शेवटचे तीन शब्द घाईने दोन मात्रांच्या जागेत कोंबले जातात आणि तिन्ही टाळ्या सारख्या अंतरावर पडतात. तो मग सातचा ठेका राहत नाही, साधा तीनचा होतो.

यातलं काय होतंय हे ओळखायला मेट्रोनोम 60 वर आणा, मात्र मोजण्याचा वेग तोच ठेवा. आता दर दोन मात्रांना एक टिक येईल. पहिल्या आवर्तनात तिन्ही टाळ्या टिकेवर पडतील, दुसऱ्यात तिन्ही दोन टिकांच्या बरोबर मधे, तिसऱ्यात पुन्हा टिकेवर. सात ही विषम संख्या असल्यामुळे हे असंच व्हायला हवं. प्रत्येक आवर्तनात टाळ्या टिकेवरच पडत असतील, तर तुम्ही आठ मात्रा मोजताय किंवा शेवटचा गट आवळताय. सुरुवातीला दुसरं आवर्तन फार अवघडल्यासारखं वाटतं. टिकेकडे लक्ष न देता तोंडातल्या आकड्यांना धरून राहा.

आपला रूपक ताल अंगवळणी पडलेल्यांना आणखी एक अडचण येते. रूपकाच्याही मात्रा सातच, पण विभाग तीन-दोन-दोन. लांब विभाग आधी येतो. त्यामुळे रचेनित्सा मधूनच ऐकू आलं तर कान लांब गटालाच सम, म्हणजे आवर्तनाची सुरुवात, समजतो. अशा वेळी धून जिथे संपून पुन्हा सुरू होते ती जागा पकडा. तिथून छोटा, छोटा, लांब असं जुळलं, तर पहिला ‘एक’ तिथलाच.