आलेखाची रेष खाली गेली म्हणून रुपया पडत नाही: विनिमय दर आणि व्यवहारतोल शिकताना या चुका टाळा

विनिमय दराची आकृती काढलेली वही माझ्यासमोर आली की मी आधी उभा अक्ष बघतो. बहुतेक वह्यांत तिथे नुसतं 'विनिमय दर' लिहिलेलं असतं. कशाचा दर, कशात मोजलेला, याचा पत्ता नसतो. आपल्याकडे दर 'एका डॉलरला किती रुपये' असा सांगतात, म्हणजे तो आकडा ही डॉलरची किंमत आहे. आकडा चढला की डॉलर महागला आणि रुपया घसरला. आकडा उतरला की रुपया वधारला. वाचताना हे सगळ्यांना पटतं, पण आकृती काढताना निम्मे विद्यार्थी उलटं करतात.

या चुकीचं सगळ्यात वाईट रूप मी एका सादरीकरणात पाहिलं. टी.वाय.च्या एका गटाने २००७-०८ हे वर्ष निवडलं होतं. तक्ता चांगला होता: मालाच्या व्यापारातली तूट आदल्या वर्षीच्या सुमारे ६२ अब्ज डॉलरवरून जवळपास ९२ अब्जांवर गेलेली. पुढे दराचा आलेख होता. मार्च २००७ अखेरीस डॉलर साधारण ४३ रुपये ६० पैशांना होता, मार्च २००८ अखेरीस ४० च्या आसपास. रेष खाली येत होती. त्याखाली निष्कर्ष लिहिला होता: 'आयात वाढली, तूट वाढली, म्हणून रुपया घसरला.' कुणालाच काही खटकलं नाही, कारण तक्ता आणि आलेख एकमेकांना दुजोरा देताना दिसत होते. प्रत्यक्षात त्या वर्षी रुपया सुमारे नऊ टक्क्यांनी वधारला होता. आलेख उलटा वाचला गेला आणि कारणही अपुरं होतं. या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं.

मी त्यांना एवढंच विचारलं, की सोलापूरच्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराची एक लाख डॉलरची ऑर्डर असेल तर त्याच्या हातात किती रुपये पडतील? आधीच्या दराने ४३ लाख ६० हजार, नंतरच्या दराने ४० लाख. माल तोच, सूत तेच, मजुरी तीच, आणि तीन लाख साठ हजार कमी. रुपया घसरला असता तर त्याला जास्त मिळाले असते. हिशेब मांडला आणि त्यांचं त्यांनाच कळलं. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: आलेखावर एक शब्द लिहिण्याआधी एका निर्यातदाराचा आणि एका आयातदाराचा रुपयांतला हिशेब शेजारी मांडायचा. पाच मिनिटं जातात. ती वाचवण्यासाठी जे पाठ केलेले बाण काढतात, त्यांचे पुढे पानभर गुण जातात.

आता दुसरी चूक, जी मला जास्त छळते. 'आयात म्हणजे डॉलरची मागणी, निर्यात म्हणजे डॉलरचा पुरवठा' हे सुरुवातीला शिकवायला उत्तम आहे. कच्चं तेल घेणारी कंपनी रुपये देऊन डॉलर मागते, द्राक्षं पाठवणारा नाशिकचा व्यापारी मिळालेले डॉलर बँकेला विकतो. पण विद्यार्थी तिथेच थांबतात आणि बाजारात याच दोघांची गर्दी आहे असं धरून चालतात. मग २००७-०८ त्यांना समजूच शकत नाही.

ते वर्ष व्यवहारतोलात, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी झालेल्या सगळ्या देण्याघेण्याच्या हिशेबात, मांडून बघा. आकडे अब्ज डॉलरमध्ये, पूर्णांकात. मालाच्या व्यापारात उणे ९२. सॉफ्टवेअर सेवा, परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेले पैसे वगैरे अदृश्य बाबींतून अधिक ७६. म्हणजे चालू खाते उणे १६. एवढी मोठी व्यापारतूट, पण चालू खात्यापर्यंत येताना तिचा सहावा हिस्साच उरला. आता भांडवली खाते: शेअर बाजारातली परकीय गुंतवणूक, थेट गुंतवणूक आणि कंपन्यांनी बाहेरून घेतलेली कर्जं मिळून निव्वळ आवक अधिक १०७. चुकभूल एक अब्ज धरली की शिल्लक राहते अधिक ९२.

म्हणजे आयातदारांची सगळी मागणी भागवूनही बाजारात डॉलर उरत होते. कुठल्याही वस्तूचा पुरवठा जास्त झाला की किंमत उतरते, तशी डॉलरची उतरली. आणि ती आणखी उतरली असती, पण रिझर्व्ह बँकेने रुपये देऊन डॉलर उचलले आणि गंगाजळीत, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या साठ्यात, टाकले. त्यामुळे उत्तरात 'बाजाराने दर ठरवला' एवढंच लिहिलं तर ते अर्धं आहे. तेव्हाही आणि आजही आपला दर बाजारात ठरतो, पण रिझर्व्ह बँक त्या बाजारात स्वतः खरेदी-विक्री करते.

इथेच तिसरी चूक डोकं वर काढते. 'व्यवहारतोल नेहमी संतुलित असतो' आणि 'व्यवहारतोलात ९२ अब्जांचं आधिक्य होतं' ही दोन्ही वाक्यं विद्यार्थी एकाच उत्तरात लिहितात आणि विसंगती दिसली की एक खोडतात. खोडू नका, दोन्ही बरोबर आहेत. आधिक्य म्हणतो तेव्हा आपण गंगाजळीच्या ओळीच्या वर रेघ मारून बेरीज करतो. संतुलन म्हणतो तेव्हा गंगाजळीसकट. तक्त्यात ती ओळ उणे ९२ अशी दिसते, आणि तिथे हमखास 'साठा घटला' असं लिहिलं जातं. साठा वाढला आहे. परदेशी मालमत्ता विकत घेणं म्हणजे आपल्याकडून पैसे बाहेर जाणं, म्हणून चिन्ह उणे. अशा ठिकाणी चिन्ह पाठ करू नका. दर वेळी विचारा, या व्यवहारात परकीय चलन आपल्याकडे येतं आहे की आपण ते कशासाठी तरी देतो आहोत?

याच प्रश्नाच्या पुढचा प्रश्न म्हणजे खातं कोणतं. आखातात काम करणाऱ्या मुलाने रत्नागिरीला आईकडे घरखर्चासाठी पैसे पाठवले तर ते चालू खात्यात जातात, कारण परत काही द्यायचं नाही. त्यानेच ते स्वतःच्या अनिवासी ठेवीत ठेवले तर भांडवली खात्यात, कारण बँकेवर देणं उभं राहिलं.

डॉलरच्या मागणी-पुरवठ्याचा वक्र सरकणं आणि वक्रावरून सरकणं यांची गल्लत तर रोजचीच. दर बदलला तर त्याच वक्रावर पुढे-मागे जा, तेलाचा डॉलरमधला भाव बदलला तर वक्रच हलवा.

शेवटची चूक बाणांची: 'रुपया घसरला → निर्यात वाढली → तूट कमी.' गाइडांनी हे इतकं सोपं करून ठेवलं आहे की मधला काळच गायब झाला. करार महिने आधी झालेले असतात, तेल लगेच कमी लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला तेवढ्याच आयातीला जास्त रुपये मोजावे लागतात आणि रुपयांत मोजलेली तूट बरेचदा आधी वाढते. पुढे ती कमी व्हायची असेल तर आयात आणि निर्यात या दोन्हींच्या मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते ते, मिळून एकाहून जास्त लागते, आणि हा नियमही व्यापार मुळात साधारण संतुलित होता असं गृहीत धरतो. शिवाय निर्यातीच्या मालातच आयात दडलेली असते. सुरतेत पैलू पडणारा हिरा बाहेरूनच येतो, त्यामुळे घसरलेल्या रुपयाचा फायदा त्या कारागिराच्या मजुरीइतक्या भागावर मिळतो, हिऱ्याच्या पूर्ण किमतीवर नाही.