कॅलिब्रेशनवाला मॉनिटर मागताय? आयटीला मेल पाठवायच्या आधी

मागच्या वेळी मी मेल लिहिला, आठवड्यात मंजुरी आली, मॉनिटरही आला. पुढचे चार महिने तो टेबलावर नुसता शोभेला होता. हार्डवेअर कॅलिब्रेशनचा, म्हणजे पडद्याचे रंग सेन्सरने मोजून केलेली दुरुस्ती स्वतःच्या आत साठवणारा मॉनिटर, आणि कॅलिब्रेशन एकदाही नाही! मेलमध्ये मी फक्त मॉनिटर मागितला होता. त्याचं सॉफ्टवेअर टाकायला लागणारी परवानगी आणि यूएसबी पोर्ट चालू करून देणं, या दोन गोष्टी लिहायच्याच राहिल्या. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो आणि पुढेही सांगत राहीन: सॉफ्टवेअर आणि यूएसबी.

विषयाच्या ओळीत नेमकं काय हवंय ते लिहा. नाव, विभाग, मंजुरी देणारा वरिष्ठ, हे तुम्ही लिहालच. पहिल्या परिच्छेदात "रंग अचूक दिसावेत म्हणून" असं लिहू नका. आयटीतल्या माणसाच्या लेखी सगळेच मॉनिटर रंग दाखवतात. त्याला घडलेली चूक सांगा. माझी अशी होती: कॅटलॉगमधले गडद तपकिरी कपड्यांचे फोटो माझ्या पडद्यावर छान उठून दिसत होते, घड्या मोजता येत होत्या. छापून आले तेव्हा सगळा काळोख. छापखान्याची चूक नव्हती. ऑफिसचे मॉनिटर बहुतेकदा कारखान्यातून येतात त्याच झगझगीत ब्राइटनेसवर वापरले जातात, तो चौरस मीटरला 250 कँडेलाच्या वरही असतो. छपाईच्या कामासाठी साधारण 80 ते 120 पुरतो. दुपटीहून उजळ पडद्यावर बघून मी फोटो गडद करत गेलो होतो. असा एकच प्रसंग लिहा, आणि पुन्हा छपाई करावी लागली असेल तर किती प्रती वाया गेल्या तेही. दहा प्रसंग लिहिलेत तर ती तक्रार होते.

यावर लगेच प्रश्न येईल: "मग ब्राइटनेस कमी करा ना. नाहीतर साध्या मॉनिटरला सेन्सर लावा." हे उत्तर मेलमध्येच देऊन ठेवा, नाहीतर पंधरा दिवस त्यातच जातात. ब्राइटनेस कमी करून फक्त ब्राइटनेसच कमी होतो. पडद्यावरची निळसर झाक आणि करड्यातला रंग तसाच राहतो. तो काढायला साध्या मॉनिटरवर सेन्सरने मोजून दुरुस्ती करता येते, पण ती बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या टेबलमध्ये, म्हणजे कुठला रंग किती बदलायचा त्या आकड्यांच्या तक्त्यात, बसते. कार्डाकडून मॉनिटरकडे आठ बिटचा सिग्नल जात असेल, तर प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या मिळतात. समजा निळा 85 टक्क्यांवर आणायचा आहे. म्हणजे निळ्याच्या साधारण 218 पायऱ्याच उरल्या, लाल आणि हिरव्याच्या मात्र जवळपास सगळ्या. आकाशाचा सलग उतरता रंग मग पट्ट्यापट्ट्यांनी दिसायला लागतो, आणि पट्टा फाइलमध्ये आहे की पडद्यावर, हे कळत नाही. काही कार्डं हे बऱ्यापैकी झाकतात, त्यामुळे "साध्या मॉनिटरवर जमतच नाही" असं लिहू नका. तिकडे एखादा जाणकार असला तर तिथेच पकडेल. हार्डवेअर कॅलिब्रेशनमध्ये ही दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या टेबलमध्ये बसते, ते बहुधा 14 किंवा 16 बिटचं असतं. कार्डाकडून सगळ्या 256 पायऱ्या न कापता जातात आणि बारीक फेरफार मॉनिटर स्वतः करतो.

आयटीला याहून पटणारं कारण एक आहे. कार्डातली दुरुस्ती ड्रायव्हर अपडेट झाला, संगणक झोपेतून उठला किंवा दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने टेबल बदललं की उडू शकते, आणि उडाली हे कोणी सांगत नाही. मॉनिटरमधली टिकते. हे वाक्य घालाच, त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी कमी होतात.

आता सॉफ्टवेअर. हो, पुन्हा. मॉनिटरच्या आतलं टेबल बहुधा त्या कंपनीचं सॉफ्टवेअरच लिहितं: आयझोच्या मॉनिटरला कलरनॅव्हिगेटर, बेनक्यूला पॅलेट मास्टर. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. हे सॉफ्टवेअर टाकायला बहुतेक ऑफिसांत ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि ते मॉनिटरशी बोलतं ते बहुधा यूएसबी केबलमधून. चित्राची केबल जोडून चित्र छान दिसतं, म्हणून सगळं झालं असं वाटतं. झालेलं नसतं. माझ्या ऑफिसात सुरक्षेसाठी अनोळखी यूएसबी उपकरणं बंद होती, त्यामुळे सॉफ्टवेअर उघडलं की "मॉनिटर सापडला नाही" एवढंच म्हणायचं. मी केबल बदलल्या, मॉनिटर बदलून मागितला, आणि दोष माझ्याच मेलचा होता. तेव्हा मेलमध्ये हा परिच्छेद जसाच्या तसा टाका:

"मॉनिटरसोबत त्याच कंपनीचं कॅलिब्रेशन सॉफ्टवेअर माझ्या संगणकावर टाकून हवं आहे आणि पुढचे अपडेटही. मॉनिटर आणि सेन्सर ही दोन्ही यूएसबी उपकरणं सुरक्षा नियमांतून वगळावीत. तयार होणारं कलर प्रोफाइल खालील फोल्डरमध्ये साठवण्याची परवानगी असावी."

```
C:\Windows\System32\spool\drivers\color
```

फोल्डरची ही ओळ विंडोजची आहे. साध्या खात्याला तिथे एरवी लिहिता येतं, पण ऑफिसात ते सुरक्षेसाठी बंद केलेलं असू शकतं, म्हणून ही परवानगी वेगळी मागायची. कॅलिब्रेशन एकदाच होणारी गोष्ट नाही, पडद्याचे रंग वापराने बदलत जातात. महिन्यातून एकदा करायचं धरा. आयटीचा माणूस येऊन एकदा करून गेला तर दुसऱ्या महिन्यात तुम्ही पुन्हा रांगेत. तेव्हा परवानगी कायमची मागा. सॉफ्टवेअर आणि यूएसबी, कायमची.

सेन्सर वेगळा मागावा लागतो, मॉनिटरमध्येच असेल तर नाही. विभागात आधीच एखादा असेल तर तो त्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या सेन्सरच्या यादीत आहे का बघा. जुने सेन्सर नव्या बॅकलाइटला चुकीचं मोजू शकतात. तुमची ऑपरेटिंग सिस्टिमही त्या सॉफ्टवेअरला चालणारी हवी.

रंगविस्तार म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो ते. ॲडोबी आरजीबीएवढा मोठा विस्तार हवाच का, हे स्वतःला विचारा. काम फक्त वेबचं असेल तर एसआरजीबीएवढा लहान विस्तार पुरतो, उगाच महागडं मागून नकार घेऊ नका. मोठ्या विस्ताराच्या पडद्यावर कलर मॅनेजमेंट न करणाऱ्या, म्हणजे कलर प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रंग भडक दिसतात, हेही आधीच कळवलेलं बरं.

मॉडेल एकच सुचवा, पर्याय एक. आकार, पोर्ट, डॉक चालतो का, वॉरंटी. खिडकीसमोर ठेवू नका.

आला की अर्धा तास चालू ठेवा, मग कॅलिब्रेट करा, मग त्याच सॉफ्टवेअरमध्ये पडताळणी चालवा आणि तो अहवाल आयटीला पाठवा. हे सगळं त्याच दिवशी. सॉफ्टवेअरला मॉनिटर सापडत नसेल तर केबलशी झटापट करू नका, मेल काढा आणि यूएसबीचा परिच्छेद खरंच गेला होता का ते बघा.