चपला ऑनलाइन विकताय? आराखड्यातल्या सुरक्षेच्या पानावर या चुका टाळा

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकू पाहणाऱ्यांचे धंद्याचे आराखडे माझ्याकडे वाचायला येतात. चामडं, कारागिरांची मजुरी, कुरिअरचा खर्च, सगळं बारकाईनं मांडलेलं असतं. ‘माहिती आणि पैशांची सुरक्षा’ या मथळ्याखाली मात्र बहुधा कुठून तरी उतरवलेलं एकच वाक्य असतं: ‘ग्राहकांच्या कार्डाची माहिती आम्ही एन्क्रिप्ट करून साठवू.’

हे वाक्य आधी खोडा. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने ग्राहकाचा पूर्ण कार्ड नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हिशेब जुळवण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. म्हणजे ज्याला परवानगीच नाही, ते करण्याचं वचन तुम्ही लेखी देताय. त्याऐवजी लिहा: ‘कार्डाची माहिती ग्राहक पेमेंट गेटवेच्या पानावर भरेल, ती आमच्याकडे येणार नाही.’ पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी कंपनी. आणि मग तसंच वागा. फोनवर कार्ड नंबर विचारून वहीत टिपला, तर या वाक्याला काही अर्थ उरला नाही.

खरी गळती होते ती पैसे ‘मिळाले’ कधी म्हणायचे, या प्रश्नावर. समजा, महाद्वार रोडवरच्या दुकानाला पुण्याहून १,८५० रुपयांच्या कापशी चपलांची ऑर्डर आली. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि म्हणतो, ‘उद्या लग्न आहे, आजच टाका.’ मुलगा पार्सल बांधतो. संध्याकाळी खातं बघावं, तर पैसे आलेलेच नाहीत. असा स्क्रीनशॉट मोबाइलवर सहज बनवता येतो. म्हणून आराखड्यात नियम हवा: रक्कम, वेळ आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक आपल्या बँकेच्या किंवा दुकानाच्या अ‍ॅपमध्ये दिसल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही. घाई करणाऱ्या ग्राहकालाही हाच नियम, किंबहुना त्याला आधी.

वेबसाइटवर हीच चूक वेगळ्या रूपात येते. पैसे भरल्यावर ‘धन्यवाद’चं पान उघडतं आणि ते उघडलं की साइट ऑर्डरवर ‘पैसे मिळाले’ असा शिक्का मारते. पण त्या पानाचा पत्ता पैसे न भरताही कुणी टाइप करू शकतो. साइट बनवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. पैसे आल्याच्या गेटवेकडून येणाऱ्या निरोपाची डिजिटल सही आपला सर्व्हर गुप्त कीने तपासतो का? आणि रक्कम कुठून घेतो, आपल्या किंमत यादीतून की ग्राहकाच्या ब्राउझरमधून? ब्राउझरमधून घेत असेल, तर १,८५० च्या जागी १ रुपया घालणारा भेटेलच, आणि गेटवे तो एक रुपया प्रामाणिकपणे जमा करून देईल. अनेक गेटवेंच्या डॅशबोर्डवर `authorized` आणि `captured` असे दोन शब्द दिसतात. पहिल्याचा अर्थ ग्राहकाच्या बँकेने मंजुरी दिली इतकाच, दुसऱ्याचा अर्थ गेटवेने ती रक्कम खरोखर घेतली. माल `captured` दिसल्यावरच सोडा.

आता माहितीकडे. चपलेच्या धंद्यात नाव, पत्ता, मोबाइल यांच्या जोडीला कागदावर काढलेल्या पायाच्या मापाचा फोटोही येतो. हे सगळं बहुधा एका गूगल शीटमध्ये असतं आणि तिची लिंक ‘Anyone with the link’ अशी उघडी. गेल्या वर्षी काम सोडलेल्या पोराकडेही ती असते. शेअरिंग ‘Restricted’ करा, माणसागणिक परवानगी द्या. पार्सल बांधणाऱ्याला नाव, पत्ता, मोबाइल आणि माप पुरे. ग्राहकाने वर्षभरात किती खरेदी केली, हे त्याला कशाला? व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘Linked devices’ची यादीही अधूनमधून बघा, जुना लॅपटॉप तिथे जोडलेला सापडतो.

‘माहिती कायम जपून ठेवू’ हेही आराखड्यात नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा उलटी आहे: ज्या कामासाठी घेतली ते संपलं की माहिती पुसा, दुसरा कायदा ठेवायला सांगत नसेल तर. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि दुकानदाराच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे. पायाच्या मापाचा फोटो चप्पल बदलून देण्याची मुदत संपली की काढून टाका. बिलांचं तसं नाही. जीएसटी नोंदणी असेल, तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ती ठेवावीच लागतात. आराखड्यात दोन्ही मुदती वेगळ्या लिहा.

परतावा कोण देणार, हेही नावानिशी लिहा. पैसे मूळ ऑर्डरवरूनच, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने गेटवेतून परत जावेत. ‘दुसऱ्या नंबरवर पाठवा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे दुकानातल्या सगळ्यांना माहीत हवं. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि यूटीआर, रक्कम, वेळ सांगायची. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत रोखता आली, तरच ती वाचण्याची शक्यता असते.