इंग्रजी वाचनयादी: या चुका टाळा

एम.ए.ला एका पेपरसाठी आठ-दहा इंग्रजी लेख आले की मराठी माध्यमातून आलेली मुलं हमखास एकच गोष्ट करतात. पहिल्या ओळीपासून डिक्शनरी उघडतात. त्यांच्या झेरॉक्स बघा. पहिल्या पानावर जवळजवळ प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले असतात, तिसऱ्या पानावर ते विरळ होतात आणि सहाव्यानंतर कागद कोरा. लेखकाचं म्हणणं बहुतेक वेळा त्या कोऱ्या पानांत असतं.

हे कष्ट वाया जातात त्याला कारण आहे. एका वाक्यात पाच शब्द शोधले की पाचव्याचा अर्थ सापडेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. त्यात पहिल्या दोन-तीन पानांतले अवघड शब्द पुष्कळदा प्रस्तावनेच्या भाषेतले असतात, पुढे परत येतही नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत डिक्शनरी बंद ठेवा. अडलेल्या शब्दाखाली हलकी रेघ मारा आणि पुढे चला. दुसऱ्या फेरीत तीनच प्रकारचे शब्द शोधा: शीर्षकात असलेले, तीनपेक्षा जास्त वेळा आलेले आणि व्याख्येत वापरलेले. पंचवीस पानांच्या लेखात असे दहा-बारा निघतात. ते शेवटच्या पानामागे लिहून ठेवा.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे, आणि जास्त घातक. कुणीतरी सांगतं, 'सगळं वाचू नको, चाळ', आणि मुलं पहिली पाच-सात पानं चाळून थांबतात. वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण असं चाळणं अजिबात न वाचण्यापेक्षा वाईट, कारण डोक्यात चुकीची गोष्ट पक्की होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा 1918चा लेख घ्या. शेतजमिनीचे तुकडे आणि त्यावरचे उपाय हा त्याचा विषय. खान्देशातल्या मुलांना तो जवळचा वाटतो, कारण वाटण्या होऊन बांधाला बांध लागलेली शेतं त्यांच्या घरचीच असतात. या लेखावर सेमिनारमध्ये एका विद्यार्थ्याने आत्मविश्वासाने मांडलं: तुकड्यांचं एकत्रीकरण करावं असं आंबेडकर सुचवतात, आणि कुटुंबाचा खर्च भागून माणूस बऱ्यापैकी सुखात राहील एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणा, अशी त्यांची व्याख्या आहे.

शिक्षकांनी विचारलं, "भाऊ, ही व्याख्या कुणाची?"

"सर, आंबेडकरांचीच. लेखातच आहे."

लेखात आहे हे खरं, पण ती मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांची. आंबेडकर ती खोडून काढण्यासाठी देतात. त्यांचं म्हणणं असं की ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांच्या बाजूने केली आहे, करायला हवी ती उत्पादनाच्या बाजूने. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला जोडलेलं भांडवल आणि मजूर यांच्या प्रमाणावर ठरतं. खरा रोग शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार आणि भांडवलाची टंचाई. म्हणून मुख्य उपाय उद्योगीकरण. विद्यार्थ्याने विरोधी पक्षाचं म्हणणं लेखकाच्या नावावर लावलं होतं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या एका चुकीवर अडले.

बहुतेक वैचारिक लेखांत आधी इतरांची मतं येतात आणि मग लेखकाचं, त्यामुळे सुरुवातच चाळली की फसगत ठरलेली. यावर माझा क्रम असा. आधी शीर्षक आणि साल. मग पहिले दोन परिच्छेद पूर्ण. मग उडी मारून शेवटची दोन पानं पूर्ण, सावकाश. त्यानंतरच मधल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. पंचवीस पानांना वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मधल्या भागातून जाताना प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला एक खूण करा: लेखक स्वतः बोलत असेल तर 'ले', दुसऱ्याचं सांगत असेल तर 'दु'. 'अकॉर्डिंग टू', 'इट इज आर्ग्यूड दॅट' दिसलं की बहुधा 'दु'. 'हाऊएव्हर', 'बट', 'ऑन द काँट्ररी' आलं की थांबा, तिथे बाजू बदलते आहे. वर सांगितलेल्या लेखात ही खूण केली असती तर कीटिंगच्या व्याख्येपुढे 'दु' पडला असता आणि गोंधळ झालाच नसता. शेवटची पानं आणि तुमच्या 'ले' खुणा जुळत नसतील तर कुठेतरी बाजू चुकली आहे. तेवढे परिच्छेद पूर्ण वाचा.

आता कोणत्या वर्गासाठी काय ठेवायचं. एकाच लेखाची एकच नोट काढून ती तीन पेपरांना चालवणं ही आळसाची सवय आहे आणि ती उत्तरपत्रिकेत लगेच दिसते. आधी अभ्यासक्रमातल्या त्या घटकाचं नाव आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवा. अर्थशास्त्राच्या वर्गाला या लेखातून हवा असतो तो जमीन, भांडवल आणि मजूर यांच्या प्रमाणाचा युक्तिवाद. व्याख्येवरची टीका इथे शब्दन् शब्द वाचायची. इतिहासाच्या वर्गाला हवं असतं 1918 साली वाद कुणामध्ये चालला होता ते; तिथे कीटिंग आणि तुकड्यांच्या एकत्रीकरणासाठी बडोदा संस्थानाने नेमलेली समिती, म्हणजे तुमच्या 'दु' खुणाच महत्त्वाच्या होतात. राजकीय विचारांच्या पेपरला शेवटची पानं पुन्हा वाचा आणि त्याच लेखकाने 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती सरकारी मालकीची करावी असं मांडलं, त्याच्याशी ती ताडून पाहा.

नोट अर्ध्या पानाची. वर लेखाचं नाव आणि साल. मग लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत, मराठीत, झेरॉक्स उलटी ठेवून. मग तो कुणाला उत्तर देतो आहे ते एका ओळीत. मग दोन-तीन कारणं, प्रत्येकापुढे पान क्रमांक. शेवटी वर्गात विचारायचा एक प्रश्न. पारिभाषिक शब्द मात्र इंग्रजीतच ठेवा, नाहीतर सरांच्या तोंडून तो आला की ओळखूच येत नाही. इंग्रजी वाक्यं उतरवून काढली तर हात चालतो, समज नाही. झेरॉक्स उलटी ठेवल्यावर दोन वाक्यं सुचली नाहीत तर शेवटची पानं परत वाचायची, एवढाच त्याचा अर्थ.

पिवळ्या हायलायटरने अर्धं पान रंगवू नका. पानाला एक वाक्य पुरे.

ग्रुपवर आलेल्या पीडीएफ नुसत्या साठवू नका. उघडताक्षणी पहिले दोन परिच्छेद वाचा आणि कोणत्या वर्गासाठी ते फाइलच्या नावातच लिहा.

सीनियरच्या तयार नोट्स आधी वाचू नका. त्यात 'ले' आणि 'दु' सरमिसळ झालेले असतील तर तुमच्याही नोटेत तेच उतरेल. स्वतःची अर्धं पान नोट झाल्यावर ताडून पाहायला हरकत नाही.

आणि सगळंच चाळायचं नसतं. कविता, न्यायालयाचे निकाल, कायद्याची कलमं आणि ज्या लेखावर तुम्हालाच सेमिनार द्यायचा आहे तो, हे ओळ न सोडता वाचायचे. निकालात तर एका 'प्रोव्हायडेड दॅट'ने आधीच्या वाक्याला अट जोडली जाते आणि चाळताना नेमकं तेच निसटतं.